बंद फाटक आणि अर्ध्या तासाची सुट्टी

कचेरीत बसून काम करणाऱ्या माणसाने दिवसातून थोडा वेळ झाडाखाली किंवा मोकळ्या आकाशाखाली घालवावा, त्याने मनाची मरगळ कमी होते, असा उपदेश आता सर्वत्र ऐकू येतो. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत तो छापून येतो, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागाच्या परिपत्रकांत तो असतो, आणि ‘वेलनेस’ या नावाने चालणाऱ्या व्याख्यानांत तर तो ठरलेलाच आहे. उपदेश चुकीचा नाही, आणि तोच त्याचा धोका आहे. चुकीची गोष्ट खोडून काढता येते. पण बरोबर गोष्ट चुकीच्या माणसाला सांगितली की ऐकणाऱ्याला आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटू लागते. दुपारी १ वाजता ज्याला आठव्या मजल्यावरून खाली उतरायला फुरसत नाही, त्याला झाडाचे गुण सांगणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणाचे फायदे समजावून सांगणे होय.

याच्या उलट टोकाला चळवळीतील काही जुने कार्यकर्ते उभे आहेत. झाडाखाली बसणे, आकाश पाहणे, मन रमवणे हे सारे मध्यमवर्गीय चोचले आहेत, कामगार संघटनेने महागाई भत्ता, बढती आणि निवृत्तिवेतन यांच्याबाहेर पाहू नये, असे त्यांचे मत असते. हा कडवेपणा वरून मोठा लढाऊ वाटतो. वस्तुतः तो मालकाच्या भूमिकेशी एका मुद्द्यावर पूर्ण सहमत आहे. मनाचा थकवा ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असे दोघेही मानतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे निवेदन तयार केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या; आणि त्यात दर रविवारच्या सुट्टीबरोबरच दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. पगार वेळेवर मिळावा हीही मागणी त्याच निवेदनात होती. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या संघटित मागणीपत्रातच पैसा आणि विसावा शेजारी शेजारी बसलेले आहेत. लोखंड्यांना कोणी चोचलेबाज म्हणत नाही.

तेव्हा प्रश्न असा मांडला पाहिजे: झाडाखाली बसल्याने नेमके काय होते, त्याला किती मिनिटे लागतात, आणि ती मिनिटे आज कोणाच्या ताब्यात आहेत?

पहिल्या भागाबद्दल गेल्या काही दशकांत पुष्कळ काम झाले आहे. टेबलावर बसून केलेल्या कामात स्नायू थकत नाहीत, थकते ते लक्ष. नोंदवहीतील आकडे ताडून पाहणे, पडद्यावरचा अर्ज वाचणे, दूरध्वनी वाजत असताना वाक्य पुरे करणे, या प्रत्येक कामात मन एका गोष्टीवर धरून ठेवावे लागते आणि बाकीच्या दहा गोष्टी बाहेर ढकलाव्या लागतात. ही ढकलण्याची शक्ती मर्यादित असते. ती संपत आली की माणूस चुका करतो, एकच ओळ तीनदा वाचतो, आणि शेजारच्यावर खेकसतो. स्टीफन आणि रेचेल कॅप्लान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की पाने हलणे, सावली सरकणे, ढग जाणे अशा गोष्टी लक्ष वेधतात, पण ओढत नाहीत. त्यांच्याकडे पाहताना मनाला काही बाहेर ढकलावे लागत नाही, म्हणून ती थकलेली शक्ती पुन्हा भरून येते. वाहनांनी भरलेला रस्ता याच्या उलट वागतो. तिथे बेसावध राहिले तर जीव जाईल, म्हणून लक्ष आणखी खर्ची पडते. २००८ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी याची परीक्षा घेतली. त्याच माणसांना एकदा वृक्षोद्यानातून आणि एकदा गावातील रहदारीच्या रस्त्यांवरून सुमारे पाऊण ते एक तास चालायला लावले, आणि आधी व नंतर ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणायला सांगितले. उद्यानातून आल्यावर ही कामगिरी सुधारली. रस्त्यावरून आल्यावर तशी सुधारली नाही. जेवणानंतर पानाच्या टपरीपर्यंत जाऊन येण्याने मन का भरत नाही, याचे उत्तर यात बरेचसे आहे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. सर्वसाधारण कचेरीत टेबलावर तीनशे ते पाचशे लक्स इतका उजेड असतो. त्याच वेळी बाहेर दाट झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स असतो, आणि उघड्या उन्हात लाखाच्या घरात जातो. आषाढातील ढगाळ दुपारसुद्धा ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कित्येक पट उजळ असते. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होऊन आणि डोळ्याचा पडदा सरावून तो झाकून टाकतात. पण शरीरातले घड्याळ डोळ्यांतूनच येणाऱ्या या उजेडावर चालते. दिवसा उजेड आणि रात्री अंधार हा फरक जितका ठळक, तितकी झोप ठिकाणावर येते. आणि झोप बिघडली की मन बिघडते हे कोणत्याही घरात ठाऊक असते. काळसर काचेच्या इमारतीत, खिडकीपासून तिसऱ्या चौथ्या रांगेत बसणाऱ्या माणसाचा दिवस आणि रात्र या दृष्टीने जवळजवळ सारखेच होतात. टेबलावर ठेवलेली मनी प्लँटची कुंडी यात काहीही बदल करीत नाही. कुंडी वाईट नाही, पण ती काचेच्या आत आहे.

आता मिनिटांकडे वळावे. येथे दोन पाहण्या उपयोगी आहेत. २०१९ साली मेरी कॅरोल हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरात राहणाऱ्या ३६ जणांना आठ आठवडे, आठवड्यातून किमान तीनदा, किमान दहा मिनिटे निसर्गाच्या सान्निध्यात घालवायला सांगितले. जागा आणि वेळ ज्याने त्याने निवडायची होती. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेऊन त्यांतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारा स्राव, मोजला. तो दिवसभरात आपोआप उतरत असतो, म्हणून ती उतरण वजा करून हिशेब केला. घट सर्वांत वेगाने झाली ती वीस ते तीस मिनिटांच्या बैठकीत. त्याहून जास्त वेळ बसल्यास फायदा वाढत राहिला, पण हळूहळू. या प्रयोगाच्या अटी आकड्यांपेक्षा अधिक बोलक्या आहेत: दिवसाउजेडी बसायचे किंवा रमतगमत चालायचे, व्यायाम करायचा नाही, आणि त्या वेळात दूरध्वनी, समाजमाध्यमे, वाचन आणि गप्पा बंद. हातातील मोबाइलवर साहेबांचा निरोप वाजत असताना वडाखाली बसलेला माणूस शरीराने वडाखाली आणि लक्षाने कचेरीतच असतो. ज्यांना ‘झाडाखाली बसून पाहिले, काही वाटले नाही’ असा अनुभव आला, त्यांनी आधी हे तपासून पाहावे.

दुसरी पाहणी फिनलंडमधील आहे, आणि कचेरीतील माणसासाठी ती अधिक जवळची. तेथील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात टेबलावर काम करणारे ९७ कर्मचारी होते. त्यांतील ५१ जण सलग दहा कामाचे दिवस दुपारच्या सुट्टीत १५ मिनिटे जवळच्या उद्यानात सावकाश चालले. उरलेल्या ४६ जणांनी तितकाच वेळ आत बसून श्वासाचे व शिथिलीकरणाचे व्यायाम केले. प्रयोगापूर्वी, प्रयोगात आणि नंतर मिळून पाच आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, प्रत्येकाने दुपारनंतरचा थकवा, ताण आणि एकाग्रता नोंदवली. उद्यानात गेलेल्यांची दुपारनंतरची एकाग्रता सुधारली आणि थकवा उतरला, आणि हे घडले ते चालणे त्यांना आवडले म्हणून. आतल्या व्यायामाचाही उपयोग झाला, पण वेगळ्या वाटेने: काम मनातून दूर गेले म्हणून.

यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. हा परिणाम लहान आहे. माणसे स्वेच्छेने आलेली होती, आपण बरे वाटण्यासाठी चाललो आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि आपला थकवा त्यांनी स्वतःच मोजला होता. शिवाय फिनलंडची हवा म्हणजे मुंबईची हवा नव्हे. परंतु लहान परिणाम रोज मिळत असेल तर तो लहान राहत नाही, हे चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्यांना सांगायला नको. शिवाय या औषधाला बाटली लागत नाही. ज्याची किंमत शून्य आहे अशी वस्तू लोकांपर्यंत का पोहोचत नाही, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा असे असते की वस्तू फुकट असली तरी तिच्यापर्यंत जाणारी वाट फुकट नसते.

ती वाट मिनिटांची आहे. फोर्ट भागातील एका जुन्या इमारतीत आठव्या मजल्यावर बसणाऱ्या कारकुनाचा हिशेब मांडून पाहावा. अर्ध्या तासाची सुट्टी. कागद आवरणे, कपाट बंद करणे, हात धुणे यांत ३ मिनिटे. त्या वेळी सारी इमारत उतरत असते, म्हणून लिफ्टसाठी उभे राहून खाली येण्यास ४ मिनिटे. हॉर्निमन सर्कलच्या उद्यानापर्यंत ४, परत येण्यास ४, पुन्हा वर जाण्यास ४. झाली १९. डबा खाण्यास, घाईघाईने खाल्ला तरी, १२ मिनिटे. बेरीज ३१. झाडाखाली बसणे दूरच, एक मिनिट उशिराची नोंद मस्टरवर चढली. डबा झाडाखालीच खावा म्हटले तर ११ मिनिटे मिळतात, तीही एक डोळा घड्याळावर ठेवून. आणि त्यात पुन्हा कित्येक उद्यानांत खाद्यपदार्थ आणण्यास मनाई असल्याची पाटी असते. आता हाच हिशेब एक तासाच्या सुट्टीने करावा. तेच जाणे-येणे, तोच डबा, आणि हातात २९ मिनिटे उरतात. वीस ते तीस मिनिटे हा जो लाळेच्या नमुन्यांवरून निघालेला आकडा आहे, तो एका तासाच्या सुट्टीत चपखल बसतो आणि अर्ध्या तासाच्या सुट्टीत मुळीच बसत नाही.

हा एक तास काही कविकल्पना नव्हे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात तो लिहिलेला होता. व्यापारी आस्थापनेतील नोकराला सलग पाच तासांहून अधिक काम देता येत नसे, आणि मध्ये किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागे. सवलतीचे अपवाद होते, अंमलबजावणीही ढिली होती. पण कायद्याच्या पुस्तकात तास होता. २०१७ साली महाराष्ट्राने तो कायदा रद्द करून नवा आणला. पाच तासांची मर्यादा तशीच राहिली, विश्रांती मात्र किमान अर्ध्या तासावर आली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना तर कामाच्या अटींची ही कलमे लागूच राहिली नाहीत. उद्योग सुलभ व्हावा म्हणून हे केले असे सांगण्यात आले. लोखंड्यांनी राणीच्या राज्यात गिरणी कामगारासाठी जो अर्धा तास मागितला होता, तोच १३३ वर्षांनी संगणकासमोर बसणाऱ्या पदवीधराच्या पदरात कमाल नव्हे पण किमान हक्क म्हणून पडला, आणि याला सुधारणा म्हटले गेले. त्यापुढील पाऊल म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्य केलेले बदल: दुकाने व आस्थापनांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास, कारखान्यांत ९ वरून १२, आणि कारखान्यांत विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनंतर. दिवस लांबतो आहे आणि त्याचा मध्य आखूड होतो आहे.

सरकारी कचेऱ्यांची स्थितीही निराळी नाही. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली परिपत्रक काढून भोजनाची सुट्टी दुपारी १ ते २ या वेळेतील जास्तीत जास्त अर्धा तास असल्याचे बजावले. पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा रोजचे कामकाज पावणेदहा ते सव्वासहा असे लांबले. अर्धा तास मात्र अर्धाच राहिला. लोक जेवायला जातात आणि टेबले रिकामी पडतात, अशी नागरिकांची तक्रार होती आणि ती खोटीही नव्हती. खेड्यातून दाखल्यासाठी आलेला शेतकरी दोन तास बाकावर बसतो, त्याच्याकडे कोणत्याही समाजवाद्याला पाठ फिरवता येणार नाही. पण त्या शेतकऱ्याचा दाखला अडतो तो रिकाम्या पदांमुळे आणि एका माणसावर टाकलेल्या तिघांच्या कामामुळे. जेवणाच्या ताटातली पंधरा मिनिटे काढून घेतल्याने तो लवकर मिळत नाही. सुट्टीच्या वेळी खिडकीवर आळीपाळीने माणूस ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे आणि त्यासाठी माणसे नेमावी लागतात.

आणि आता या साऱ्या व्यवहारातील खरी गंमत. शासन आपल्या नोकरांना १ ते २ यांमध्ये सोडते. मुंबई महानगरपालिकेच्या अनेक उद्यानांच्या फाटकावर दुपारच्या बंदीची वेळ लिहिलेली असते, आणि त्यात १ ते ३ ही वेळ लोकांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुण्यातील कित्येक उद्याने तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास जी मिटतात ती दुपार कलल्यावरच उघडतात. कचेरीचे दार उघडते त्याच वेळी बागेचे दार बंद होते. देखभाल, पाणी घालणे, माळ्यांची विश्रांती ही कारणे दिली जातात. माळ्यांना विश्रांती मिळालीच पाहिजे, परंतु त्यासाठी साऱ्या बागेला कुलूप लावण्याचे कारण नाही. दोन पाळ्यांत माणसे नेमली की भागते. न बोलले जाणारे कारण निराळे आहे. दुपारी बागेत येणारा माणूस हा आपल्या नगररचनेला संशयित वाटतो. सकाळी येणारा प्रतिष्ठित असतो, तो व्यायामाचे बूट घालून येतो. संध्याकाळी येणारा कुटुंबवत्सल असतो. दुपारी मात्र कुरिअरवाला, रखवालदार, नाकाकामगार, प्रेमी युगुल आणि डबा हातात घेतलेला कारकून येतो. त्यांनी बाकावर पाठ टेकू नये म्हणून कुलूप असते. बंगळुरूत याच प्रकारची दुपारची बंदी होती. २०२४ साली तेथील पालिकेची उद्याने पहाटे ५ ते रात्री १० सलग खुली ठेवण्याचे ठरले. त्यासाठी झाडे लावावी लागली नाहीत, जमीन विकत घ्यावी लागली नाही. एक पाटी बदलावी लागली.

मुंबईत मोकळ्या जागेचा दुष्काळ आहे हे खरे. माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा वाट्याला येते असे सांगितले जाते, म्हणजे एक सतरंजी. आरे येथे ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात पाडली गेली. याविरुद्ध तरुणांनी जो लढा दिला तो योग्यच होता. पण जंगल वाचवण्यासाठी तुरुंगात जाणारी चळवळ कचेरीपासून चार मिनिटांवर असलेल्या कुलपाकडे कधी पाहत नाही, याचाही विचार व्हायला हवा. आरेतील झाड नरिमन पॉइंटच्या कारकुनाला रविवारी भेटते. त्याला बुधवारी दुपारी दीड वाजता लागते.

झाड कोणतेही चालत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ओव्हल मैदानाच्या कडेची ताडमाडांची रांग देखणी आहे, पण ताडाची सावली एका माणसाच्या रुंदीची. मरीन ड्राइव्हवर आकाश भरपूर, पण मे महिन्यात दुपारी १ वाजता तिथे बसणे ही शिक्षा आहे. सावलीत हवेचे तापमान फारसे कमी नसते. कमी होतो तो अंगावर थेट पडणारा आणि तापलेल्या फरशीतून उसळणारा उष्मा, आणि म्हणून वड, पिंपळ, भेंडी यांसारख्या रुंद पसाऱ्याच्या झाडाखाली, मातीच्या जमिनीवर, ज्याला जमते तिथे बसावे. रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली नव्हे: दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यावर झाडांची गच्च छत्री वाहनांचा धूर वर जाऊ देत नाही, तो खालीच कोंडते. थंडीत, जेव्हा धुरके उतरते, तेव्हा बागेचा आतला भाग बरा, तोही वाईट हवेच्या दिवशी टाळलेला बरा. पावसाळ्यात सज्जा किंवा कमान, जिथून पाऊस आणि पाने दिसतात, तेवढ्यावर भागवावे. प्रकाश तिथेही आतल्यापेक्षा पुष्कळ असतो. उन्हाळ्यात १ वाजण्यापेक्षा सकाळी ११ किंवा दुपारी ४ ची वेळ योग्य. म्हणजे वेळ निवडण्याचा हक्क कामगाराकडे हवा. सर्वांना एकाच घंटेवर सोडणारी सुट्टी ही गिरणीच्या भोंग्याची परंपरा आहे, आणि टेबलावरच्या कामाला तिची गरज नाही.

या मागणीवर सर्वांत गंभीर आक्षेप मालकाचा नाही, तो कर्मचाऱ्यांचाच आहे. सुट्टी एक तासाची झाली तर सुटण्याची वेळ अर्ध्या तासाने पुढे जाईल, ठरलेली लोकल चुकेल, आणि डोंबिवलीला किंवा विरारला पोहोचायला रात्र होईल. स्त्रियांचा हा आक्षेप अधिक तीव्र आहे, कारण त्यांची दुसरी पाळी घरी पोहोचल्यावर सुरू होते. त्यांना दुपारच्या अर्ध्या तासापेक्षा संध्याकाळचा अर्धा तास मोलाचा वाटतो, आणि तो तसा आहेच. शिवाय बागेत स्वच्छतागृह नसेल, बाक एकांतात असेल, टक लावून पाहणारे असतील, तर झाडाखाली बसलेल्या बाईचे लक्ष विसावत नाही, ते राखणच करीत राहते. आणि मग वर सांगितलेला सिद्धांत तिच्यापुरता लागूच होत नाही. १९४८ चा तास जसाच्या तसा मागून म्हणूनच चालणार नाही. तो तास कामाच्या वेळेबाहेरचा होता, त्याची भरपाई कामगार स्वतःच्या संध्याकाळीतून करीत असे.

मागायची ती पंधरा मिनिटांची भरपगारी सुट्टी, जेवणाच्या अर्ध्या तासाव्यतिरिक्त, कामाच्या वेळेत मोजली जाणारी, आणि कर्मचाऱ्याने निवडलेल्या वेळी. ती जेवणाला जोडून घेतली तर फोर्टमधल्या त्या कारकुनाच्या हिशेबात ४५ मिनिटांतून ३१ वजा जाऊन झाडाखाली १४ मिनिटे उरतात. फिनलंडच्या कर्मचाऱ्यांना १५ मिनिटे मिळत होती, तेव्हा हा सौदा अगदीच वाईट नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या ठिकाणी, जिथे एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंतच इतके चालावे लागते, तिथे मात्र ही पंधरा मिनिटे पुरणार नाहीत. तिथे इमारतीच्या आवारातच, वाहनतळासाठी घातलेल्या फरशीवर पाणी सोडून, झाडे आणि बाक मागावे लागतील.

मालक म्हणेल की याचा उपयोग दाखवा. ते अवघड नाही, आणि त्यासाठी त्याच्या सल्लागाराला बोलावण्याची गरज नाही. फिनलंडचाच आराखडा कोणत्याही युनियनला एका वहीत करता येतो. एका विभागातील वीस-पंचवीस इच्छुकांनी पाच आठवडे, दर मंगळवारी आणि गुरुवारी सुटण्याच्या वेळी तीन आकडे लिहावेत: थकवा किती, ताण किती, लक्ष किती लागले, प्रत्येकी एक ते पाच. पहिला आठवडा नेहमीप्रमाणे, मधले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटे बाहेर, शेवटचे दोन पुन्हा नेहमीप्रमाणे. शेवटच्या दोन आठवड्यांत आकडे मागे फिरले, तर फरक झाडाचा होता असे म्हणायला काही आधार मिळतो. फिरले नाहीत, तर पगारवाढ, उत्सव किंवा साहेबांची बदली असे दुसरे कारण शोधावे. वही युनियनकडे राहावी. ती मनुष्यबळ विभागाकडे गेली की कोणाचे मन कमकुवत आहे याची यादी तयार होईल.

या वहीत एक गोष्ट वेगळी पाहायची असते. एखाद्याचे आकडे बाहेर जाऊनही हलत नाहीत, दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याचे मन खिन्न आहे, आवडीच्या गोष्टींतही रस उरलेला नाही, झोप आणि भूक गेली आहे, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला आहे, तर हा कचेरीचा थकवा नव्हे, आजार आहे. आणि त्याला झाडाखाली पाठवणे हा निष्काळजीपणा ठरेल. त्याला डॉक्टरकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे, मराठीतही बोलता येते. झाड हे थकलेल्या लक्षासाठी आहे. तीन माणसांचे काम एकट्यावर असेल तर त्यासाठीही झाड नाही. त्यासाठी भरती आहे. वेलनेसच्या व्याख्यात्यांनी या तिन्ही गोष्टींची जी सरमिसळ केली आहे, तीत फायदा एकाच पक्षाचा होतो, कारण तिन्हींपैकी फक्त झाड फुकट आहे.

फाटकाच्या कुलपासाठी मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्यानांच्या वेळा विधिमंडळात ठरत नाहीत, महापालिकेचा उद्यान विभाग ठरवतो. प्रत्येक विभाग कार्यालयात त्याचा अधिकारी बसतो. बँका, विमा, पोस्ट आणि शासकीय कर्मचारी यांच्या संघटनांनी एकत्र येऊन, आपल्या कचेरीपासून पाच मिनिटांच्या आत असलेल्या प्रत्येक उद्यानाचे नाव, त्याच्या बंदीची वेळ, बाकांची संख्या, स्वच्छतागृह आहे की नाही, आणि डबा खाण्यास मनाई आहे काय, एवढ्या पाच गोष्टी लिहिलेला कागद त्या अधिकाऱ्यापुढे ठेवावा. तो कागद तयार करायला एक दुपार पुरते, बाग उघडी असेल तर.